को-गाईडची सही

पत्र इंग्रजीत होतं. कॉलेजचा छापील कागद, वर जावक क्रमांक, खाली विभागप्रमुखांची सही आणि गोल शिक्का. बालरोग विभागात एम.डी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या डॉ. चैत्रा मडिवाळर यांच्या ‘मुलांमधील विंचूदंश’ या प्रबंधासाठी आपण को-गाईड व्हावं, अशी त्यात विनंती होती. मान्य असल्यास खालच्या संमतीच्या भागावर सही करून तो परत पाठवावा, असंही लिहिलं होतं. अशी पत्रं कॉलेजात दरवर्षी निघतात आणि ज्यांना जातात ते ती धड वाचतही नाहीत.

डॉ. चन्नप्पा उळ्ळागड्डींनी मात्र हे पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. उळ्ळागड्डी म्हणजे कांदा. त्या भागात असल्या आडनावांचं कोणाला नवल नाही, पण हिरेबिदनूरच्या तालुका रुग्णालयात ‘कांदा डॉक्टर’ म्हटल्याशिवाय त्यांचा पत्ता कोणी सांगत नसे.

“यव्वा, चुकून तर नाही ना आलं माझ्याकडं?” पत्र घेऊन आलेल्या चैत्राला त्यांनी विचारलं.

“नाही सर. बघा ना, तुमचंच नाव आहे.”

“मी डिप्लोमावाला. डिप्लोमाला प्रबंध नसतो. मी स्वतः कधी एक लिहिला नाही आणि तू मला दुसऱ्याच्या प्रबंधाला वाट दाखवायला बोलावतेस?”

ते हसत होते, पण कागद खाली ठेवत नव्हते. बाप अचानक गेला म्हणून एम.डी.ची मिळालेली जागा त्यांनी सोडली होती. दोन वर्षांचा डिप्लोमा करून तालुक्याला आले ते इथंच राहिले. जिल्ह्याच्या सभांमध्ये कालची पोरं एम.डी. म्हणून पुढच्या रांगेत बसत आणि हे मागच्या दाराजवळ, चहाच्या किटलीशेजारी.

चैत्राला त्यांचा शोध चिठ्ठ्यांवरून लागला होता. विंचू चावलेली पोरं वॉर्डात यायची ती घामानं निथळत, हातपाय बर्फासारखे गार. काही वाचत, काही नाही. हिरेबिदनूरहून आलेली बहुतेक सगळी वाचत. त्यांच्या कपड्याला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली असे: किती वाजता चावला, विषावरची गोळी किती वाजता दिली, नाडी किती. ती त्या चिठ्ठीच्या मागावर निघाली तेव्हा कळलं की या माणसाकडं बावीस रजिस्टरं आहेत. बत्तीस वर्षांत विंचू चावून आलेलं प्रत्येक मूल त्यात होतं. लवकर गोळी मिळालेली आणि उशिरा मिळालेली, जगलेली आणि गेलेली. असला साठा अख्ख्या विद्यापीठात कोणाकडं नसेल. म्हणून तिनं आपल्या गाईडांकडं, म्हणजे विभागप्रमुख डॉ. नरेगलांकडं हट्ट धरला आणि त्यांनीही नियमाची वही न उघडता पत्रावर सही ठोकली. चूक झाली ती इथं.

संमतीची सही उळ्ळागड्डींनी घरी जाऊन केली, बायकोसमोर. गिरिजक्कांना इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याची सही त्या शंभरात ओळखत. पासबुकावर, पोरींच्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडं शेवटच्या अक्षराची शेपटी विंचवाच्या नांगीसारखी वर वळलेली.

“नांगी आली बघ,” त्या चैत्राला म्हणाल्या. “नांगी आल्याशिवाय ह्यांची सही खरी नाही.”

त्या दिवशी जेवायला भाकरी, शेंगाची चटणी, भरली वांगी आणि वर होळगी, म्हणजे पुरणपोळी होती. होळगी सणाला करतात. कसला सण, असं चैत्रानं विचारलं तेव्हा गिरिजक्कांनी भिंतीकडं हात केला. संमतीचा भाग कापून बाकीचं पत्र लॅमिनेट करून खिळ्याला टांगलं होतं, शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या तसबिरीशेजारी.

दोन महिन्यांनी प्रबंधाचा आराखडा कॉलेजच्या छाननी समितीतून परत आला. को-गाईडच्या नावाभोवती लाल गोल आणि शेजारी एक ओळ: को-गाईड हा विद्यापीठाचा मान्यताप्राप्त पदव्युत्तर शिक्षक असावा.

“बदल नाव,” नरेगल म्हणाले. “सोमवारी शेवटची तारीख आहे.”

“सर, काम तर त्यांचंच आहे.”

“म्हणून तर आभार मान की, पानभर मान. पण को-गाईड म्हणून ते चालत नाहीत. मलाच आधी बघायला हवं होतं, ते जाऊ दे. औषधशास्त्राचे प्रभुदेव आहेत, त्यांची संमती घे. आणि ते पत्र परत आण. कॉलेजचा कागद आहे, जावक नंबर पडलाय. उद्या तपासणीत कोणी विचारलं तर मी काय सांगू?”

चैत्रा भांडली, रडली, बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आली आणि पुन्हा भांडली. पण त्या नावावर आराखडा अडला तर वर्ष जाणार होतं. तिचं हे वर्ष घरच्यांनी कसं उभं केलं होतं, ते तिला ठाऊक होतं. ती प्रभुदेवांकडं गेली. त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली आणि फोन ठेवल्यावर विचारलं, “विषय काय म्हणालात? साप ना?”

शनिवारी ती हिरेबिदनूरच्या बसमध्ये बसली. वाटभर वाक्यं जुळवत होती आणि दर थांब्याला ती मोडत होती.

उळ्ळागड्डी घराच्या पडवीत बसले होते. समोर चटई अंथरलेली आणि तिच्यावर चैत्राच्या तक्त्याचे कोरे कागद रेघा मारून ठेवलेले. परवानगी आली की एका दिवसात उतरवून देता येईल, अशी बावीसही रजिस्टरं ओळीनं मांडून ठेवली होती. मुलांची नावं झाकायला त्यांनी पुठ्ठ्याची एक पट्टी कापली होती. नाव दिसू नये, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“सर,” ती म्हणाली आणि चटईच्या कडेला बसली.

त्यांनी तिच्या हातातली फाईल पाहिली, मग तोंड. “नियम निघाला ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?” चैत्रानं विचारलं.

“मला ठाऊक होतं गं. पत्र आलं त्याच्या तिसऱ्याच दिवशी. भाच्याला म्हटलं, विद्यापीठाच्या साईटवर बघ जरा, को-गाईडला काय काय करावं लागतं? आपण मागं पडायला नको. त्यानं सगळा नियमच वाचून दाखवला.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत सर?”

उळ्ळागड्डी हातातली पुठ्ठ्याची पट्टी उलटसुलट करत राहिले. साठीला आलेला माणूस, पण उत्तर देताना शाळेत पकडलेल्या पोरासारखा खाली बघत होता.

“वाटलं, कोणाच्या लक्षात नाही आलं तर?”

चैत्राला हुंदका आवरेना. तिनं तोंडावर ओढणी धरली, कारण आत गिरिजक्का पोळपाटावर होळगी लाटत होत्या आणि मधेच ओरडून विचारत होत्या, “चैत्रा, तुपाबरोबर की दुधाबरोबर?”

“तुपाबरोबर म्हणतीय!” उळ्ळागड्डींनीच परस्पर ओरडून सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “पत्र परत न्यायचं असेल.”

“सर, मी सांगते त्यांना, हरवलं म्हणून…”

“खोटं कशाला बोलतेस? तुला अजून नोकरी लागायचीय.” ते उठले, भिंतीपाशी गेले आणि खिळ्यावरचं पत्र उतरवून धोतराच्या सोग्यानं पुसलं. लॅमिनेशनवर हळदीचं एक बोट उमटलं होतं, ते काही निघेना. “हिला सांगू नकोस. शिक्का राहिलाय म्हणून नेतेय, असं सांग. हिनं दोन्ही पोरींना फोन केलेत, जावयांना केलेत, गिरणीवाल्यालासुद्धा सांगितलंय.”

खोटं बोलू नको म्हणणाऱ्या माणसानं एका श्वासात खोटं शिकवलं, आणि चैत्रानं ते पाठ केलं.

“शिक्का का?” गिरिजक्का ताट ठेवत म्हणाल्या. “मग लागल्यावर लगेच पाठव हं. भिंत ओकीबोकी दिसते.”

पत्र नरेगलांनी फाईलला लावलं. आराखडा मंजूर झाला, नीतिसमितीची परवानगी आली, तालुका रुग्णालयाचीही आली. उळ्ळागड्डींनी अकराशे चाळीस मुलं तक्त्यात उतरवून दिली. काही अडलं की चैत्रा त्यांनाच फोन करी. उशिरा गोळी मिळालेल्यांचा गट कसा पाडायचा, झाडपाल्यात गेलेला वेळ कुठं धरायचा, हे त्यांनीच सांगितलं. प्रभुदेव दोन वर्षांत दोनदा भेटले आणि दोन्ही वेळा त्यांना विषय नव्यानं सांगावा लागला. मधल्या काळात उळ्ळागड्डी निवृत्त झाले. निरोपाच्या फलकावर शिपायांनी हौसेनं ‘एम.डी. को-गाईड’ छापून घेतलं होतं. सकाळी ते दोन शब्द पांढरा कागद चिकटवून कोणी झाकले होते, ते कोणाला कळलं नाही.

गिरिजक्कांचा फोन सणासुदीला येई. ख्यालीखुशाली झाली की शेवटी तोच प्रश्न: “शिक्का लागला का गं?” चैत्रा म्हणायची, “कॉलेजचं काम अक्का, वेळ लागतो.” पुढं पुढं त्यांनी विचारणं सोडलं.

प्रबंध बांधून आला तेव्हा पहिली प्रत घेऊन चैत्रा हिरेबिदनूरला गेली. काळ्या पुठ्ठ्याची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. आभारांच्या पानावर तिनं त्यांच्याबद्दल अकरा ओळी लिहिल्या होत्या. नरेगलांनी कापून तीन ठेवल्या, त्या संख्याशास्त्राच्या बाईंच्या आणि बांधणीवाल्याच्या मधे आल्या. उळ्ळागड्डींनी त्या वाचल्या आणि मान हलवली. “बरोबर लिहिलंस. अकराशे चाळीस, आकडा बरोबर आहे.”

गिरिजक्का हात पुसत आल्या. प्रबंध मांडीवर घेऊन त्यांनी पानं उलटली आणि प्रमाणपत्राच्या पानावर थांबल्या. तिथं दोन सह्या होत्या, एक गाईडची आणि एक को-गाईडची.

“अहो, ह्यातली तुमची कुठली?”

चैत्रानं जमिनीकडं पाहिलं. उळ्ळागड्डींनी बोट पुढं केलं आणि दुसऱ्या सहीवर ठेवलं, प्रभुदेवांच्या. “ही.”

गिरिजक्कांनी सही बघितली. पुस्तक जरा उजेडाकडं धरलं आणि पुन्हा बघितली. शेवटचं अक्षर आडवं, सपाट गेलेलं होतं.

“सही बदलली वाटतं?”

“वय झालं. हात थरथरतो आता.”

“होय तर,” त्या म्हणाल्या. “थरथरायचाच.”

त्यांनी प्रबंध मिटला, दोन्ही डोळ्यांना लावला आणि आत नेऊन देवापुढं ठेवला. बाहेर आल्या तेव्हा नाक पुसलेलं दिसत होतं. भिंतीवरचा खिळा अजून मोकळाच होता. चैत्रा तिकडं बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

“त्यांना सांगू नकोस गं,” त्या हळूच म्हणाल्या. “सहीला नांगी नाही हे मला कळलंच नाही, असंच त्यांना वाटू दे.”