हॅटी आणि वॉल्टच्या मधला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. हिरव्या रंगाचा, पितळी मुठीचा आणि मागे घर नसलेला. हसू नका, मित्रांनो. अमेरिकेतल्या बरबँकच्या स्टुडिओत आम्हा सगळ्याच दरवाजांचं असं असतं. माझ्यापुढे हॅटीचा दिवाणखाना होता. मागे होता लाकडाचा टेकू, वाळूची पिशवी आणि डोनट खात बसलेला लॉनी ग्रेव्ज. लॉनी स्टुडिओतला सुतार. त्यानंच मला घडवलं. बिजागऱ्या बसवताना तो म्हणाला होता, "दणकट राहा रे बाबा, तुला पुष्कळ आपटणार आहेत."

मी एका विनोदी मालिकेत कामाला लागलो. त्यातली हॅटी गुराढोरांची डॉक्टर, आणि समोरच्या घरातला वॉल्ट पियानो दुरुस्त करणारा. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे पहिल्याच भागात सगळ्या जगाला कळलं, फक्त त्या दोघांना कळलं नाही. मालिका चालत होती ती एवढ्याच गोष्टीवर. आणि ती गोष्ट पुढे ढकलण्याचं काम माझ्याकडे होतं.

दोघं सोफ्यावर बोलता बोलता जवळ यायची. चित्रण बघायला समोरच्या बाकांवर बसलेले दोनशे प्रेक्षक श्वास रोखून धरायचे. चार कॅमेरे हळूच पुढे सरकायचे. आणि नेमका तेव्हा मी उघडायचो. कधी घरमालक गळक्या नळाबद्दल विचारायला यायचा, कधी हॅटीची आई. एकदा तर बकरी आली. मग बाकांवरून एक लांबलचक सुस्कारा यायचा आणि त्याच्या पाठोपाठ हशा. लेखक मंडळी त्या सुस्काऱ्यासाठी जीव टाकायची.

दुसऱ्या वर्षी हॅटीला आपलं मन कळलं, तर वॉल्टला मैत्रीण मिळालेली. तिसऱ्या वर्षी मैत्रीण गेली आणि वॉल्ट फुलं घेऊन आला, तर मला उघडलं कुणी? हॅटीचं ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्या रस्टीनं. चौथ्या वर्षी ते लग्न मोडलं आणि हॅटीला शिकागोत नोकरी लागली. मे महिन्यात मालिकेचं वर्ष संपताना ती बॅग घेऊन माझ्या चौकटीत उभी राहिली. सप्टेंबरात नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा दुसऱ्याच भागात परत आली. मला हात असते ना, तर दोघांच्या मानगुटी धरून समोरासमोर बसवलं असतं मी. पण दरवाजाला कोण विचारतो?

मुख्य लेखिका डोरीन पास्क माझ्याजवळ उभी राहून लॉनीला सांगायची, "फार ताणलं तर लोक चिडतात, आणि जुळवलं की उठून जातात. मी करू तरी काय?"

"बाई, एकदाचं जुळवा," लॉनी म्हणायचा. "याच्या बिजागऱ्या झिजल्या."

पाचव्या वर्षाच्या शेवटच्या भागात तिनं जुळवलं. त्या संध्याकाळी कुणीही मला उघडलं नाही. चुकून कडी सुटू नये म्हणून लॉनीनं मागून माझी मूठ घट्ट धरून ठेवली होती. टाळ्या इतक्या लांबल्या की संवाद ऐकूच आले नाहीत आणि सगळं परत करावं लागलं. दुसऱ्यांदाही लोक तितकेच ओरडले. मलाही वाटलं, सुटलो.

कसला सुटतोय. सहावं वर्ष लागलं आणि लेखकांना कळेना की आता करायचं काय. वॉल्टकडे किल्ली आली, त्यामुळे कुणी मला ठोठावेना. दोघं सूप प्यायची, पडद्यांचा रंग ठरवायची, एकमेकांकडे बघून हसायची. बाकांवरचे लोक पाहुण्यासारखे हसायचे, तोंडदेखलं. मग 'जुळेल का' अशी हुरहूर लावायचं काम हॅटीच्या बहिणीला आणि घरमालकाला दिलं. तेही कुणाला रुचलं नाही. वाहिनीकडून व्हेलनसाहेब येऊन बसले.

"डोरीनबाई, लग्न लावा, नाहीतर बाळ आणा, नाहीतर मोडा," ते म्हणाले. "सुखी जोडपं बघायला कोण बसतं? डिसेंबरापर्यंत प्रेक्षक परत आले नाहीत, तर तुमची मालिका बंद."

मालिका हे डोरीनचं सहा वर्षांचं लेकरू होतं. ती घाबरली. घाबरलेला लेखक जे करतो तेच तिनं केलं, मोडलं. नव्या भागात रस्टी हॅटीकडे रडत येतो, कारण त्याचा म्हातारा कुत्रा बिस्किट मेलेला असतो. हॅटी त्याला जवळ घेते. तेवढ्यात वॉल्ट मला अर्धवट उघडतो, ते पाहतो, किल्ली पायपुसण्यावर ठेवतो आणि निघून जातो. एक शब्द विचारत नाही. मित्रांनो, पाच वर्षं मी दोघांना अडवलं, तेव्हा निदान दोघांनाही एकमेकांचं मन ठाऊक नव्हतं. आता तर एकाच घरात राहत होती ती. एवढा संताप आला मला की वाटलं, त्याच्या नाकावर आपटावं.

सोमवारी सगळ्यांनी टेबलाभोवती बसून भाग वाचला. लॉनी सांगत होता, एकटे व्हेलनसाहेब खूश होते. शुक्रवारी प्रेक्षकांसमोर चित्रण झालं. पहिल्या खेपेला वॉल्टनं किल्ली ठेवली आणि बाकांवरून सुस्कारा नाही, काही नाही. दुसऱ्या खेपेला तो किल्ली ठेवायला वाकला आणि तिसऱ्या ओळीतल्या जांभळ्या स्वेटरातल्या आजी सहज म्हणाल्या, "अरे बाळा, आत जाऊन विचार की तिला."

सगळे बाक हसले. त्या वर्षातला सगळ्यात मोठा हशा तो, आणि तो कुणी लिहिलेलाच नव्हता.

चित्रण थांबलं. एरवीसुद्धा दोन खेपांच्या मधे लेखक कॅमेऱ्यांमागे कोंडाळं करून नवे विनोद सुचवायचे. आज डोरीननं त्यांना माझ्यामागे, लॉनीजवळ बोलावलं.

"आजी बरोबर बोलल्या," ती म्हणाली.

"त्या आजी मालिका लिहीत नाहीत," व्हेलनसाहेब म्हणाले.

"आज लिहिली त्यांनी."

"विचारलं तर चौथ्या मिनिटाला भाग संपेल, बाई."

"गैरसमज संपेल, माणसं नाही संपत. पाच वर्षं आपण एकच प्रश्न विचारला, जुळेल का? जुळलं. मग दुसरा प्रश्न शोधायच्या ऐवजी तोच जुना उकरून काढतोय आपण." ती लॉनीकडे वळली. "लॉनी, तुझं लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"एकतीस."

"भांडण कशावरून होतं?"

लॉनीनं डोनट बाजूला ठेवला. "माझा मेव्हणा. आठवडाभर राहतो म्हणाला होता. जा म्हणायला ना तिला जमतं, ना मला. एकमेकांवर ढकलतो, तूच सांग, तूच सांग."

डोरीननं तिथेच, माझ्या टेकूवर कागद ठेवून लिहायला घेतलं. वीस मिनिटांत नटांनी नवे संवाद पाठ केले. या खेपेला वॉल्ट आत आला आणि म्हणाला, "हे काय चाललंय?" हॅटी म्हणाली, "बिस्किट गेला." वॉल्टला रस्टी मुळीच आवडायचा नाही. तरी तो त्याच्या दुसऱ्या बाजूला बसला आणि तोही रडायला लागला. मग रस्टीनं विचारलं, "आज इथेच राहू का?" हॅटीनं वॉल्टकडे पाहिलं, वॉल्टनं हॅटीकडे. दोघांच्या तोंडून 'नाही' निघेना. लोक हसता हसता डोळे पुसत होते. रस्टी पुढचे चार भाग हलला नाही.

प्रेक्षक सगळे परत आले असं मी खोटं सांगणार नाही. जुळेल का, एवढंच बघायला आलेले कितीतरी जण गेले ते गेलेच. डिसेंबरात वाहिनीनं आणखी एक वर्ष दिलं, तेही अर्धंच, तेरा भागांचं. व्हेलनसाहेब म्हणाले, "मी सांगितलं होतं, सुखी जोडपं कुणी बघत नाही." डोरीन म्हणाली, "तेरा तर तेरा." त्या तेरा भागांत तिनं त्या दोघांना एकदाही वेगळं केलं नाही. तसं चांगलं काम मी पुन्हा केलं नाही.

आता मी भाड्यानं जाणाऱ्या सामानाच्या गोदामात उभा असतो. माझा रंग उडालाय. परवा एका नव्या मालिकेची माणसं आली आणि माझं माप घेऊन म्हणाली, "ऐन वेळी उघडायला बरा आहे." मी जाईन, करीन. धंदाच आहे माझा. पण बाळांनो, तुमच्यातलं कुणी उद्या गोष्टी लिहील. तेव्हा दोन माणसं भेटली म्हणून त्यांना टाकून देऊ नका, आणि पुढे दुसरं काही सुचेना म्हणून त्यांची ताटातूटही करू नका. त्यांना दोघांना मिळून ओढायला एखादं जड ओझं द्या. आम्ही दरवाजे एवढंच मागतो.