ठमीच्या गुडघ्याची मुदत

प्रिय ठमे,

फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतेस आणि कळलेलं काही नसतं, म्हणून लिहून पाठवते आहे. सोमवारी बँकेत सही करायच्या आधी वाच.

तू साठवलेले सगळे पैसे कर वाचवणाऱ्या ठेवीत टाकणार आहेस. तिचा लॉक-इन पाच वर्षांचा. म्हणजे पाच वर्षं ती मोडता येत नाही. दंड भरून नाही, व्याज सोडून नाही, मॅनेजरसमोर रडून तर नाहीच. माझ्या काउंटरवर तिन्ही प्रयोग झालेले आहेत. तिच्यावर कर्जही मिळत नाही. मुदतीआधी पैसे निघायची एकच सोय आहे, ठेवीदार मेला तर. पण मग ते वारसाला मिळतात, त्यामुळे तुझ्या उपयोगाची नाही.

तुला हे कुलूप का आवडलं ते मला ठाऊक आहे. दादाने मागितले की तुझ्या तोंडून ‘नाही’ निघत नाही. सख्खा भाऊ, त्यात गोडबोल्या. म्हणून पैसे अजून तुझ्या खात्यात असताना तू त्याला ‘अडकवले’ सांगून मोकळी झालीस.

तो काल बँकेत आला होता. माझ्यासमोर बसून म्हणाला, “समज, एखाद्या बहिणीने अशी ठेव ठेवली, तर भावाच्या अडचणीला मोडता येते का गं?”

दुसऱ्याच्या खात्याबद्दल मी बोलत नाही. नियम मात्र सांगितला. “पाच वर्षं नाही मोडत.”

“मॅनेजरशी बोललं तर?”

“तरी नाही.”

तो उठायला लागला. मला वाटलं, चला, सुटली आपली ठमी. मग तो म्हणाला, “अगं, पण मग तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन?”

मी उगाच शिक्के सरळ लावत बसले. डॉक्टरांनी तुला ते वर्षभराच्या आत करायला सांगितलंय. रोज वर्गात उभी राहून शिकवतेस, संध्याकाळी जिना बसून उतरतेस. आणि हे ठाऊक असूनही तो ते पैसे मागायला आला होता. मला इतका राग आला, ठमे, की मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. पण खरं सांगू? तुझाही आला. निदान त्याला जे सुचलं, ते तुला सुचलं नाही.

तेव्हा कर वाचवायला लागतील तेवढेच लॉक-इनमध्ये टाक, तेही जुन्या पद्धतीने कर भरत असशील तरच; नव्या पद्धतीत ही सूटच नाही. ऑपरेशनचे साध्या मुदत ठेवीत ठेव. ती मोडली तर थोडं व्याज जातं, गुडघा जात नाही.

ऑपरेशनची तारीख ठरली की दादाला कळणारच की हे पैसे निघू शकतात. तो फोन करेल, गोड बोलेल, तू विरघळशील. त्याआधी फोन माझ्या हातात दे. ‘नाही’ मी म्हणते, तू नुसती शेजारी बसून ऐक.

तुझी,
मावसताई