या तारखांना रिसॉर्टवर कोणी नसतं

"कोणी नसतं असं नको लिवूस गं पोरी. मी हाय ना."

चंद्रभागामावशी फोनवर हे म्हणाल्या तेव्हा मेघाने हसून सोडून दिलं होतं. "अहो मावशी, ते पाहुण्यांसाठी आहे. तुम्ही कुठे पाहुण्या?" एका हाताने सानवीच्या तोंडात पेजेचा चमचा आणि दुसऱ्या हाताने मोबाइलवर मजकूर, अशा गडबडीत ती बोलली आणि विसरून गेली.

खालापुरात तहसील कचेरीच्या मागच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर तिची दोन खोल्यांची जागा होती. नवरा मिलिंद गुजरातच्या किनाऱ्यावर एका कंपनीत. पंचेचाळीस दिवस तिकडे, दहा दिवस घरी. सानवी अकरा महिन्यांची. झोपली की मेघा तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. दिवसातून किती वेळा, ते तिने मिलिंदला कधी सांगितलं नाही. शेजारच्या दारांना दिवसा कुलपं. एमकॉमचं प्रमाणपत्र कपाटात, आणि कामाला म्हणून हे एक होतं: कडावच्या पुढे असलेल्या 'मोहोर' नावाच्या बारा खोल्यांच्या रिसॉर्टच्या पोस्ट लिहिणं आणि खाली येणाऱ्या प्रश्नांना उत्तरं देणं.

मालक वरद नेरुळला बसायचा. त्याचं म्हणणं सोपं होतं. "बुकिंगच्या वेबसाइटवरून पाहुणा आला की त्यांचं कमिशन जातं. आपल्याला थेट फोन यायला हवा. पोस्ट अशी लिही की वाचणाऱ्याला दुसरं काही विचारावंच लागू नये."

पहिल्या वर्षी ऑफिसचा नंबर ठरला नव्हता, म्हणून मेघाने चंद्रभागामावशींचाच टाकला. मावशी रिसॉर्टच्या गेटजवळच्या खोलीत राहायच्या, स्वयंपाकघर बघायच्या. घरी म्हणावं असं त्यांना दुसरं घर नव्हतं. मुलगा सुरतेला, त्याचा फोन सणाला. "टाक गं," त्या म्हणाल्या होत्या, "मला कोन करतंय फोन?"

आणि मग फोन सुरू झाले. मावशींनी मेघाची पोस्ट पाठ केली. समोरून कोणी विचारलं की घडाघडा म्हणून दाखवायच्या: शनिवारी बाराला यायचं, रविवारी धाला निघायचं, दुपारचं जेवण, चार वाजताचा चहा-भजी, रातचं जेवण, सकाळचा नाश्ता धरून, पाच वर्षांखालच्या लेकराचं काय बी नाय, गाडीच्या डायवरचं जेवण मातर येगळं.

"भजी किती मिळतात हो?" एकाने विचारलं होतं.

"पोटाला पुरतील तेवढी. तुमचं पोट केवढं हाय ते मला काय ठावं?"

रोज संध्याकाळी त्या मेघाला फोन करायच्या. शनिवारी कोण कोण येणार ते सांगायच्या, मेघा ते वरदला कळवायची, तो आगाऊ रकमेची लिंक पाठवायचा. पण तेवढ्याला दोन मिनिटं पुरली असती. फोन अर्धा तास चालायचा. "पोरीनं खाल्लं का? तू खाल्लंस का? खोटं नको सांगूस, आवाजावरनं कळतं." दिवसभरात मेघाशी कोणी मोठं माणूस बोललं असेल तर तेवढंच.

गडबड झाली ती नाताळच्या एका पाहुण्यामुळे. चोवीस डिसेंबर ते एक जानेवारी पॅकेजचा दर लागू नसतो; त्या दिवसांत खोल्या दुप्पट दराने जातात. पोस्टमध्ये तशी तारीख स्पष्ट होती. पण बदलापूरच्या कोणा ईशानीने फोन केला, तिच्या लहान मुलाचा खोकला जात नव्हता, बाईचा आवाज रडवेला, आणि मावशी म्हणाल्या, "ये गं बाई, हवा बदलेल. तारीख-बिरीख मी बघते." ईशानी पंचवीस तारखेला पॅकेजच्या दरातच येऊन राहिली. वरद भडकला. त्याने ऑफिसचा नवा नंबर घेतला आणि मेघाला म्हणाला, "आजच्या आज बदल."

पाच मिनिटांचं काम. जुना नंबर काढला, नवा टाकला, खाली लिहिलं: 'थेट बुकिंग फक्त याच क्रमांकावर. अर्धी रक्कम रिसॉर्टच्या नावाच्या खात्यावर आगाऊ, पावती मेसेजवर आल्यावरच बुकिंग पक्कं.' मजकूर चोख झाला. वरदने अंगठा पाठवला.

त्या दिवसापासून मावशींचा संध्याकाळचा फोन थांबला. शनिवारी कोण येणार ते आता त्यांना ठाऊकच नसायचं, मग सांगणार काय? मेघा म्हणायची, आज करू, उद्या करू. सानवीला दात येत होते, ताप येत होता. एकदा केला तर मावशी म्हणाल्या, "कामाचं काय होतं का गं?" "नाही, सहज," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग फेब्रुवारी आला. स्विमिंग पूलच्या फरशा उखडायच्या म्हणून रिसॉर्ट दोन ते तेरा तारखेपर्यंत पूर्ण बंद. वरदला धास्ती एकच: जुनी पोस्ट बघून लोक गेटवर येऊन उभे राहतील. "जरा कडक लिही," तो म्हणाला. म्हणून मेघाने पॅकेजच्या खाली, पॅकेज लागू नसलेल्या तारखांच्या शेजारीच, ते वाक्य घातलं: '२ ते १३ फेब्रुवारी रिसॉर्ट पूर्ण बंद. या तारखांना रिसॉर्टवर कोणी नसतं.'

मावशींनी ती पोस्ट स्टेटसवर बघितली, आणि त्या दिवशी फोन करून त्या म्हणाल्या ते वर सांगितलंच.

दहा तारखेला, गुरुवारी सकाळी, मेघा पोस्टखालची उत्तरं देत होती. सानवी पाळण्यात. एक नवा प्रश्न आला होता, ईशानीचा.

'जुन्या नंबरवर मंगळवार रात्रीपासून फोन करतेय. त्या मावशी उचलत नाहीत. मला बुकिंग नकोय. त्यांनी अडुळशाचा काढा सांगितला होता, मुलगा बरा झाला, एवढंच सांगायचं होतं. त्या एका रिंगमध्ये उचलतात. बऱ्या आहेत ना?'

अशा प्रश्नांसाठी मेघाकडे तयार उत्तर होतं: 'धन्यवाद! बुकिंगसाठी कृपया नव्या क्रमांकावर संपर्क करावा.' सवयीने तिने ते चिकटवलंसुद्धा. पाठवायच्या आधी तिने ते पुसलं.

तिने मावशींना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. परत लावला. परत तेच.

मग तिने वरदला फोन केला. तो म्हणाला, "अगं, तिकडे सध्या कोण आहे? फरशीवाले लांबलेत, पुढच्या आठवड्यात येतायत. कामाची पोरं आपापल्या गावी गेली. मावशी गेल्या असतील बहिणीकडे. तूच तर लिहिलंयस, कोणी नसतं."

"सर, मी ते पाहुण्यांसाठी लिहिलं होतं."

"मी ती पोस्ट सगळ्यांना पाठवली. भाजीवाल्याला, दूधवाल्याला. उगाच माल घेऊन यायला नको म्हणून."

दूधवाला हरी कडावचा. मेघाने त्याला फोन लावला.

"मी तर दोन तारखेपास्नं गेलोच नाय, मॅडम. ग्रुपला तुमचाच मेसेज व्हता ना? रोज मावशीसाठी पावशेर न्यायचो तेबी बंद केलं. म्हटलं, कोन नाय तर कोनाला घालू दूध?"

"हरीदादा, आत्ता जाल का? आत्ता. गाडी असेल तशी काढा."

"निघालो."

कडावहून रिसॉर्ट दहा मिनिटांवर. खालापुरातून मेघा अंगाला पोर बांधून शिळफाटा, खोपोली, कर्जत करत निघाली असती तरी तिला दोन तास लागले असते. म्हणून ती खिडकीशी उभी राहिली. रस्त्यावर टोलकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. तिने पाळण्यात वाकून सानवीच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. मग तिला वाटलं, मावशींच्या नाकाशी आपण कोणाचं बोट ठेवलं होतं? गेल्या आठ दिवसांत त्या खोलीच्या दाराशी एकही माणूस जाणार नाही, याची व्यवस्था आपणच नीटनेटक्या अक्षरांत केली. दूधसुद्धा थांबवलं.

बावीस मिनिटांनी फोन आला.

"मॅडम, हाय. जिती हाय." हरी धापा टाकत होता. "न्हाणीत घसरली मंगळवारी सांजच्याला. कंबरेखालचं हाड गेलंय बहुतेक, हलता येत नाय. कळशी हाताशी व्हती, पानी पीत पडली हाय. धरा, बोला."

मावशींचा आवाज कोरडा, पण ओळखू येणारा. "मेघा व्हय? पोरीनं खाल्लं का?"

"खाल्लं, मावशी."

"फोन खिडकीत व्हता गं. माझ्या फोनला रेंज तिथंच लागते ना. मला पोचता येईना. पर वाजत व्हता. मला वाटलं, नंबर बदलला, आता कोन करनार? तर वाजत व्हता की. परवा वाजला, काल दोनदा वाजला. म्हटलं, कोनतरी हाय. म्हून जागी राहिले."

अँब्युलन्स, कर्जत, तिथून पनवेलला शस्त्रक्रिया. सगळं झालं. मेघा सानवीला घेऊन तीनदा जाऊन आली. सुरतेचा मुलगा चार दिवस राहिला, मग त्याची रजा संपली. मावशींना बहिणीकडे करमेना. मार्च संपताना त्या काठी घेऊन परत गेटजवळच्या खोलीत आल्या. वरदने न्हाणीत दांडी बसवली आणि फोन ठेवायला उशाशी फळी. पण रेंज अजून खिडकीतच. मेघा रोज सकाळी आठला फोन करते. तरी तिला स्वतःचा भरवसा नाही. सानवी आता चालते, एखाद्या दिवशी ताप येईल, आठचे दहा होतील, दहाची संध्याकाळ.

म्हणून उन्हाळ्याच्या पॅकेजची पोस्ट लिहिताना तिने आधी मावशींना विचारलं.

"लिव," त्या म्हणाल्या. "पर भज्यांचं इसरू नको."

पोस्ट अशी गेली:

'मोहोर, कडाव. शनिवार दुपारी बारा ते रविवार सकाळी दहा. समाविष्ट: दोघांना एक खोली, दोन जेवणं, चहा-भजी, नाश्ता, पूल. पाच वर्षांखालची मुलं मोफत. समाविष्ट नाही: ड्रायव्हरचं जेवण, बाटलीबंद पाणी. १ ते ३ मे पॅकेजचा दर लागू नाही. १५ ते ३० जून रिसॉर्ट पाहुण्यांसाठी बंद. थेट बुकिंग फक्त खालच्या क्रमांकावर.

या दिवसांत पाहुणे नसतात. चंद्रभागामावशी असतात. आमची जुनी पोस्ट तुमच्याकडे कुठे राहिली असेल, तर त्यावरच्या नंबरवर आता बुकिंग होत नाही. तरी एखाद्या दिवशी तो नंबर लावून बघा. खिडकीपर्यंत काठी टेकत यायला त्यांना वेळ लागतो, तेव्हा पूर्ण वाजू द्या. उचलला तर जेवलात का एवढंच विचारा. नाही उचलला, तर थोड्या वेळाने पुन्हा लावा, आणि तरीही नाही उचलला, तर मला इथे खाली लिहून कळवा.'