हातातलं ज्याचं त्याचं

हॉटेलातल्या वाढप्यांच्या कॅप्टनचा आपल्या हसण्यावर फार विश्वास होता. पाहुणे येतात ते आपलं हसू बघायला, मध्ये जेवणही होतं एवढंच, असं त्याचं प्रामाणिक मत. त्यामुळे बिलावरचा दहा टक्के सर्व्हिस चार्ज एकत्र करून, कामाचे तास आणि जबाबदारीचे गुण लावून स्वयंपाकघरालाही वाटायचं मालकीणबाईंनी ठरवलं, तेव्हा त्याच्या पोटात दुखलं. भांडी घासणाऱ्या मावशींना कोण पाहुणा ओळखतो, असं त्याने भर बैठकीत विचारलं. शेवटी त्याच्या हट्टापायी एक पोटनियम झाला: चार्ज सगळ्यांचा, पण रोख टिप ज्याच्या हातात पडेल त्याची.

मग कॅप्टनच्या अंगात पाहुण्यांच्या हक्कांचा कळवळा संचारला. बिल ठेवताना तो वाकून सांगे की चार्ज ऐच्छिक आहे, नको असेल तर काढून देतो. यात खोटं काहीच नव्हतं. चार्ज कुणाकुणाला मिळतो, एवढंच सांगायचं राहून जाई. पाहुणे चार्ज काढायला लावत आणि खूश होऊन त्याच्या हातात नोट ठेवत. आठवड्याच्या वाटपात मावशींच्या पाकिटात बसभाड्यापुरतंच उरलं. त्यांनी पाकीट कमरेला खोचलं. मुख्य आचाऱ्याने ते पाहिलं हे मात्र कॅप्टनसाठी वाईट लक्षण होतं, कारण तो कॅप्टनच्या बायकोचा सख्खा भाऊ होता.

दुसऱ्या दिवशी आचारी स्वच्छ एप्रन घालून बाहेर आला आणि टेबलाटेबलावर जाऊन जेवण कसं झालं ते विचारू लागला. ज्याने रांधलं तो समोर उभा म्हटल्यावर पाहुणे विरघळलेच. नोटा त्याच्या हातात पडू लागल्या. कॅप्टन बाजूला उभा राहून हसत होता, फुकट. आत पदार्थ तव्यावर करपत होते आणि करपल्याची बोलणी बाहेर कॅप्टनच खात होता.

"हे बरं नव्हे," तो मेहुण्याला म्हणाला.

"हातातलं ज्याचं त्याचं, दाजी. नियम तुमचाच."

पुढच्या बैठकीत रोख टिपही एकत्र वाटावी, असा ठराव कॅप्टननेच मांडला. न्यायाची चाड त्याला अशी अचानक आली. मालकीणबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी टिपांसाठी एक कुलूपबंद डबा ठेवला आणि पैसे कुणाला जातात ते पाहुण्यांना समजावण्याचं काम त्याच्याच गळ्यात मारलं.

त्या दुपारी एका आजोबांनी चार्ज कुणाला जातो ते विचारलं. कॅप्टनने घसा खाकरला.

"ज्यांनी रांधलं, ज्यांनी वाढलं आणि ज्यांनी ताट घासलं, त्या सगळ्यांना. नको असेल तर काढतो."

आजोबांनी चार्ज राहू दिला. वर एक मोठी नोट त्याच्या मुठीत कोंबली आणि हे फक्त तुमचं, असं बजावलं.

डब्यापर्यंतची वाट त्याला भलतीच लांब वाटली. खिशाशी हात दोनदा जाऊन आला. खिडकीत मावशी ताटं लावत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं. त्याने नोट टाकली. जीव तुटला, पण आवाज काही झाला नाही, आणि याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

"टाकली बरं का," तो खिडकीतून मोठ्याने म्हणाला.

"बघितलं, दाजी," आतून आचारी म्हणाला. "आता हसा."