सिग्रीदचं उरलेलं काम

धारवाडच्या मळमड्डीत वाढलेली मेधा नॉर्वेतल्या एका छोट्या नगरपालिकेत जाहीर सूचना लिहीत असे. नॉर्वेजियन लिहिण्याच्या दोन रीती आहेत, बूकमोल आणि नीनॉश्क. मेधा शिकली बूकमोल आणि पालिकेचा ठराव नीनॉश्कचा. म्हणून शेजारच्या टेबलावरची म्हातारी सिग्रीद तिचा मजकूर बदलून देई. 'पाणी उकळून प्या' या सूचनेचा नमुना तिने अर्धा बदलला, समासात "उरलेलं उद्या करते" अशी टीप टाकली आणि दुसऱ्या दिवशी ती आलीच नाही. झोपेतच गेली होती.

तीन महिने मेधाने त्या फाइलला हात लावला नाही. उघडली की वाटे, सिग्रीद मागे उभी राहून वाचते आहे.

"मेलेल्या माणसाचं काम पुरं करू नये, असं कुठं लिहिलंय गं?" तिचे वडील, अप्पा, धारवाडहून फोनवर म्हणाले होते.

आज पाण्यात जंतू सापडले. पाणीखात्याचा हॉकन दारात आला. "अगं, लोक तेच पाणी पितायत! सूचना आहे तशी टाक."

"वर 'वात्न', खाली 'वान'? एकाच सूचनेत पाण्याला दोन शब्द? ही खरीच पालिकेची सूचना का, म्हणून लोक फोन करत बसतील. दहा मिनिटं दे."

सिग्रीदने बदललेला वरचा भाग परत बूकमोलात आणणं मेधाला सोपं होतं. पण ठराव मोडला असता आणि सिग्रीद पुसली गेली असती. ती खालच्या भागाला भिडली. प्रत्येक शब्द सिग्रीदच्या घोगऱ्या आवाजात कानाशी येत होता.

शेवटची ओळ झाली. मागे आता कुणी नाही, हे वळून न बघताच तिला कळलं. तिने टीप पुसली आणि सूचना सोडली.