समासातले मुंगळे

मुंगळेसरांच्या मनात पाल चुकचुकली ती स्पर्धेच्या एका निबंधावरून. त्यांचं खरं आडनाव वेगळंच. पण पोरांच्या वहीच्या समासात ते लाल शाईनं इतकं खरडत, की मुंगळ्यांची रांग निघाल्यागत दिसायचं.

सुताराच्या पोरीचा पहिला खर्डा त्यांनी पाहिलेला. गल्लीतली कुत्री हाकलावीत का, यावर नुसतं कुत्र्यांचं गुणगान. आणि दुसरा खर्डा? पहिल्याच ओळीत म्हणते, कुत्र्यांना नको, उघड्यावरच्या कचऱ्याला हाकला! नव्या बाईंनी पहिल्या खर्ड्याच्या समासात टिंबही काढलं नव्हतं. शेवटी दोन ओळींचा शेरा, बस्स.

"दोन ओळींत पोरगी एवढी शहाणी झाली? बाई, हे तुम्हीच सांगून लिहून घेतलंय. शून्य देणार मी, आणि स्पर्धेतून नाव कापणार."

"मीच लिहिलंय, सर," दारातली पोरगी रडकुंडीला आली.

"मग माझ्यासमोर लिही."

सरांनी तिचाच वाचनालयावरचा जुना निबंध काढला, दोन प्रती केल्या. एकीवर मुंगळे सोडले. पोरीनं एकूण एक मुंगळा मारला. ओळी चकाचक, निबंध मात्र होता तसाच, पुस्तकं आपले मित्र वगैरे.

"बघा, ही हिची खरी उडी!"

"आता दुसरी प्रत द्या," बाई म्हणाल्या. आणि सरांच्या डोळ्यांदेखत शेवटी लिहिलं: 'तुझं खरं म्हणणं शेवटच्या ओळीत आहे, की मधल्या सुट्टीत वाचनालय बंद असतं. ते वर आण. त्याला धरून नसेल ते काढ. एके ठिकाणी कारण जुळत नाही.'

खाणाखुणा नकोत म्हणून सरांनी बाईंना पाठमोरं खिडकीशी बसवलं.

पोरीनं मित्रांचे दोन्ही परिच्छेद सरळ खोडले.

"अगं, ते तर मघाशी घासूनपुसून नीट केलंस!"

"तुम्ही लाल केलं म्हणून केलं, सर. ते नकोच आहे असं कुठं लिहिलं होतं?"

पुढं पोरगी अडली. "बाई, कारण कुठं जुळत नाही?"

"बाईंनी बोलायचं नाही!" सर गरजले आणि स्वतःच वाकून बघू लागले. 'मुलं मैदानावर पळतात, म्हणजे त्यांना वाचायला आवडत नाही.' त्या ओळीशेजारी समासात त्यांनी एकच मुंगळा सोडला: 'हे कशावरून?'

"हां! दार बंद असतं म्हणून पळतात की!" पोरीचा पेन धावायला लागला.

"बाई, हे शेवटी लिहून हिला सापडलं असतं का?"

"नसतं सापडलं, सर. ते त्या ओळीपाशीच हवं होतं."

सरांनी स्पर्धेच्या यादीत पोरीचं नाव लिहिलं. सगळे गेल्यावर मात्र बाईंच्या खुर्चीत बसून बघितलं, खिडकीच्या काचेत पोरीचं बाक दिसतं का.

दिसत नव्हतं. तरी मान तिरकी करून पुन्हा बघितलं. स्वभावाला औषध नाही.