बुरुजातलं भोक

असं समजा, की तुम्ही एका जुन्या किल्ल्याच्या बुरुजात उभे आहात. बाहेर टळटळीत दुपार, पण आत संध्याकाळसारखा उजेड. भिंती इतक्या जाड, की मोठं माणूस भिंतीत आडवं झोपलं तरी त्याचे पाय बाहेर निघणार नाहीत. समजलात? आता असंही समजा, की त्या खोलीचं एकुलतं एक दार बंद झालंय आणि ते उघडत नाही.

खारूच्या बाबतीत हे खरंच घडलं. खारू दहा वर्षांची. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी बसलेली ती कुणाला दिसली नव्हती, म्हणून घरात सगळे तिला खारूच म्हणत. तिची आत्या जुन्या इमारतींचे नकाशे काढायची. एकेक भिंत, एकेक कोनाडा टेपनं मोजायचा, कागदावर काढायचा, आणि त्या जागी पूर्वी काम केलेली म्हातारी माणसं गाठून त्यांना प्रश्न विचारायचे, हे तिचं काम. सुट्टीत खारू तिच्याबरोबर जायची, टेपचं दुसरं टोक धरायला.

त्या दिवशी बुरुजातलं कोठार मोजायचं होतं. दार एकाच फळीचं, पण फळी कसली, लोखंडी पट्ट्या मारलेला लाकडाचा ठोकळाच. त्याला बिजागरी नव्हती. दाराच्या एका कडेला वर आणि खाली जाड खुंट होते. वरचा खुंट चौकटीच्या लाकडातल्या भोकात, खालचा उंबऱ्यातल्या दगडाच्या खळगीत, आणि दार त्या दोन खुंटांवर फिरायचं. आतल्या बाजूला अर्धवट उघडं राहिलेलं ते दार मोकळ्या टोकाखाली सारलेल्या एका फळीच्या तुकड्यावर टेकलेलं होतं.

"हा तुकडा काढ बरं," आत्या म्हणाली. "कुणीतरी नंतर घातलाय. तो असताना दाराखालची फट मोजली तर माप खोटं येईल."

"आणि दार?"

"दार लावून घेऊ. त्याची पाठ कागदावर काढायची तर लावायलाच हवं ना?"

खारूनं तुकडा ओढला. दार दोन बोटं खाली बसलं. आत्यानं खांदा लावून ते रेटलं, तसं ते फरशीवर कर्रकन घासत गेलं, शेवटच्या फरशीची कड ओलांडून पलीकडे धप्पकन उतरलं आणि चौकटीत जाऊन बसलं. दोघींनी आरामात त्याची पाठ काढली, खिळे मोजले, पट्ट्यांची रुंदी घेतली.

मग आत्यानं कडी धरून ओढली. पुन्हा ओढली. मग पाय भिंतीला लावून ओढली. दार ढिम्म. त्याचा खालचा कोपरा वर आलेल्या फरशीच्या कडेमागे अडकला होता. बाहेरच्या बाजूला जायला वाट होती ती चौकटीनं अडवलेली, आत यायला वाट होती ती फरशीनं.

"फोन कर," खारू म्हणाली.

"फोन पिशवीत आहे."

"आणि पिशवी?"

आत्यानं दाराकडे बोट केलं. पिशवी बाहेर होती.

किल्ल्याची दुरुस्ती करणारी माणसं आता परवा येणार होती. बाटलीत चार घोट पाणी. आत्यानं दाराच्या फटीत मोजायची काठी घातली आणि जोर केला. काठी अल्युमिनियमची, ती बिचारी केळ्यासारखी वाकली.  आत्या भिंतीला टेकून खाली बसली, तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ती तोंडानं श्वास घेत होती. मोठं माणूस घाबरलेलं खारूनं तोपर्यंत पाहिलं नव्हतं. भिंती पुढे सरकताहेत असं तिला उगाचच वाटायला लागलं. तिनं मनातल्या मनात मोजलं: लांबी चार मीटर वीस, रुंदी तीन दहा. सकाळी तेवढीच होती. भिंती जागच्या जागीच होत्या.

"आत्या, सुतारआजोबा गेले असतील का गं?"

सुतारआजोबा म्हणजे सकाळच्या मुलाखतीचे आजोबा. तरुणपणी ते वडिलांबरोबर याच किल्ल्याची दारं दुरुस्त करायचे. बुरुजाच्या पायथ्याशी झाडाखाली ते काठी टेकून बसले होते आणि "ऊन उतरल्यावर जातो" असं म्हणाले होते.

भिंतीत तीन जंग्या होत्या. जंगी म्हणजे भिंतीतलं आरपार भोक. आतून रुंद, बाहेर चार बोटांचं, आणि बाहेर जाताना खाली उतरत गेलेलं, म्हणजे आतल्या शिपायाला पायथ्याशी आलेल्या शत्रूवर नेम धरता येतो. खारूनं मधल्या जंगीत तोंड घातलं.

"आजोबाऽऽ! आम्ही कोंडलो गेलोय! दार उघडत नाही!"

 मग खालून आवाज आला, "कोणतं दार? कोठाराचं?"

"हो!"

"मग बसा आता."

आत्या धडपडत उठली. "आजोबा, चेष्टा नका करू! दार उचकटायची काही सोय आहे का?"

"आहे."

"कुठे आहे?"

"ते हो-नाहीमध्ये बसत नाही बाई. सकाळी तुम्हीच म्हणालात, आजोबा, फाटे फोडू नका, माझ्या कागदावर हो किंवा नाही एवढंच लिहायचंय. मी तोंड उघडलं की तुमची पेन्सिल खाली."

आत्याचा चेहरा पडला. सकाळी अठ्ठेचाळीस प्रश्नांचा तक्ता होता आणि तिला घाई होती. दाराबद्दलच्या प्रश्नावर आजोबा म्हणाले होते, "त्याचं असं आहे, आमचे वडील..." आणि तिनं त्यांना तिथेच थांबवलं होतं.

"चुकलं माझं," ती जंगीत म्हणाली. "सांगा तुम्ही. कितीही वेळ सांगा."

"आता माझ्या पायात कुठली ताकद, कड्याच्या वाटेनं वर यायला अर्धा तास जाईल. आणि आलो तरी एकट्यानं ते दार हलायचं नाही. आधी सांगा, खुंटाजवळ भिंतीला भोक आहे का? खाली, वीतभर उंचीवर?"

खारू पळत दाराजवळ गेली. खुंटाच्या बाजूला, मातीनं अर्धं बुजलेलं, चौकोनी भोक होतं. सकाळी तिनं ते चित्रात काढलंही होतं. आत्यानं त्यावर काट मारली होती: उंदराचं बीळ, नकाशात नको.

"आहे आजोबा! पण ते उंदराचं आहे म्हणे!"

"मग उंदरानं चौकोनी पाडलं? शाळेत गेला असेल. मोज किती आहे ते."

खारूनं बोटांनी माती उकरून टेप आत सारला. भोक सहा सेंटीमीटरचं, आणि तिरकं खाली उतरत गेलेलं. टेप बासष्टवर थांबला.

"बासष्ट! मग काहीतरी लागतंय!"

"ओळंबा आहे ना तुमच्याकडे? त्यानं ठोक. कसा आवाज येतोय ते ऐक. दगडाचा की लोखंडाचा?"

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंत सरळ आहे की कलली आहे हे त्यानं कळतं. खारूनं तो हळूच आत सोडला आणि दोरीला झटका दिला. ठण्ण!

"लोखंड!"

"तीच खळगीतली लोखंडी वाटी. खुंट तिच्यात बसतो. वर्षानुवर्षं फिरून ती झिजते, दार खाली बसतं. मग आम्ही त्या भोकातून पहार घालायचो, वाटी खुंटासकट उचलायची आणि खाली पत्रा सरकवायचा. वरच्या खुंटाला वर सरकायला जागा सोडलेली असते. कळलं का? दार अख्खं दोन बोटं वर उठतं."

आत्या खाली गुडघ्यांवर बसून त्या भोकाकडे पाहत राहिली. दोन बोटं. फरशीची कड तेवढीच तर वर आली होती.

"पण पहार कुठून आणायची?" खारू ओरडली.

"इथे दुरुस्तीवाल्यांची पडलीय. पण भिंत केवढी?"

"एक मीटर ऐंशी!"

"पहार त्याहून आखूड आहे. मी खालून ढकलली तरी तुझ्या हाताला लागायची नाही, घसरून माझ्याच टाळक्यात बसेल."

खारूनं हातातल्या ओळंब्याकडे पाहिलं. जंगी बाहेर उतरत जाते. तिनं ओळंबा जंगीत ठेवून सोडला, आणि तो घरंगळत, खडखडत पलीकडे गेला. दोरी सरसर सुटत राहिली.

"आला का आजोबा?"

"अगं, नाकावर आला असता! थांब. दोरी दुहेरी करतो. गाठ सुताराची आहे, भ्यायचं काम नाही."

दोघींनी मिळून दोरी ओढली. बोटांना काचलं. पहार जंगीच्या तोंडाशी दोनदा अडकली, आजोबांनी काठीनं तिला सरळ केलं, आणि मग ती गंजक्या आवाजात घासत आत आली. आत्यानं तिला असं कवटाळलं, की जणू हरवलेली बहीणच.

पहार भोकात गेली. वरचं टोक आत्याच्या छातीशी आलं. ती त्यावर रेलली. काही झालं नाही. मग तिनं सगळं अंग टाकलं. खालून दगड कुरकुरला, आणि दाराखाली एक उजेडाची रेघ उमटली.

"आता ओढ, खारू!"

खारूनं कडी ओढली. दार फरशीच्या कडेवर चढलं, वीतभर आत आलं आणि पुन्हा रुतलं. वीतभर फटीतून गरम वारा आत आला. आत्यानं पहार सोडली असती तर दार परत खाली बसलं असतं, आणि ती फटीतून मावणारी नव्हती.

"तू जा," आत्या दातओठ खात म्हणाली. "तू मावतेस. बाहेर पड."

खारू आडवी झाली. डोकं गेलं, खांदे गेले, पोटाशी फ्रॉक खिळ्याला लागून टर्रकन फाटला. आणि ती बाहेर होती. डोळे दिपले. समोर पायऱ्या, आभाळ, आत्याची पिशवी, पिशवीत फोन. पाय आपोआप तिकडे वळत होते. मागून, फटीच्या आतून, आत्याचा श्वास ऐकू येत होता, भराभर, आणि त्यात मधेच पहारीची कुरकुर.

"खारू? गेलीस का गं?"

फोन लावायचा, मग कुणीतरी गाडी काढणार, मग इतका चढ. आत्याचे हात तोवर टिकणार नव्हते. हे दार आत उघडतं. म्हणजे ओढायचं काम आतल्या माणसाचं, आणि रेटायचं काम बाहेरच्याचं.

खारूनं चपला काढून फेकल्या, अनवाणी पाय पायरीच्या दगडाला पक्के रोवले आणि दाराला खांदा लावला.

"इथेच आहे," ती म्हणाली. "मी तीन म्हणाले की तू पहार आणखी दाब. एक... दोन..."